किमो थांबवल्यावर मैत्रिणीला काय लिहायचं

माझी आई किडनी निकामी होऊन गेली. शेवटच्या दीड महिन्यात माझ्या फोनवर मेसेजचा पाऊस पडत होता. त्यातला एकच मला आज शब्दाशब्दाने आठवतो, आणि तो शेजारच्या वहिनींचा होता: "उद्यापासून सकाळी सातला दुधाची पिशवी दाराला अडकवून ठेवत जाईन. बेल वाजवणार नाही." बाकीच्यांत देव होता, धीर होता, "तू खंबीर आहेस" होतं. वाईट कुणीच लिहिलं नव्हतं. पण त्यातल्या बहुतेकांना उत्तर द्यावं लागत होतं, आणि ती उत्तरं देणं हे मला एक कामच होऊन बसलं होतं.

पुढे काही वर्षांनी माझ्या कॉलेजच्या मैत्रिणीच्या, शुभांगीच्या वडिलांना स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला. यकृतात पसरलेला. आता मेसेज लिहिणारी मी होते, आणि पहिला मसुदा मी इतका वाईट लिहिला की तो पाठवला नाही हे नशीबच. तीच गोष्ट इथे क्रमाने सांगते. नावं बदलली आहेत.

लिहिण्याआधी: कोणाला काय माहीत आहे

आपल्याकडे आजार एक असतो आणि घरात त्याच्या तीन-चार आवृत्त्या असतात. शुभांगीच्या घरी अण्णांना सांगितलं होतं की लिव्हरला सूज आहे, औषधाने उतरेल. काकूंना "गाठ आहे" एवढं माहीत होतं. खरं चित्र शुभांगी, तिचा नवरा आणि धाकटा भाऊ यांनाच ठाऊक होतं. ही लपवाछपवी बरोबर की चूक हा वाद तुमचा नाही. तुमचा प्रश्न एवढाच, की तुमचा मेसेज भलत्याच माणसाने वाचला तर काय होईल.

आणि तो वाचला जातो. आजारी माणसाच्या घरात फोन हातोहात फिरतो. औषधाचा फोटो दाखवायला, नातवाशी व्हिडिओवर बोलायला, वेळ घालवायला गाणी ऐकायला. स्क्रीन बंद असली तरी मेसेजच्या पहिल्या दोन ओळी वर झळकतात. व्हॉइस नोट तर त्याहून धोक्याची, कारण हात चुकून लागला की ती स्पीकरवर सुरू होते.

म्हणून आधी तिसऱ्या कुणाला तरी विचारून घ्या. मी आमच्या दोघींच्या मैत्रिणीला, मेधाला, फोन करून तीन गोष्टी विचारल्या: अण्णांना किती माहीत आहे, शुभांगीचा फोन कोण कोण हाताळतं, आणि आजाराला घरात काय म्हणतात. विचारायला कुणीच नसेल तर पहिली ओळ अशी ठेवा की कुणीही वाचली तरी चालेल. मी ठेवली ती ही: "शुभे, घाईचं काही नाही, निवांत एकटी असशील तेव्हा वाच." मग दोनदा एंटर दाबून खाली खरा मजकूर.

ग्रुपवर मात्र लिहू नका. तिने स्वतः ग्रुपवर सांगितलं असलं तरी तुमचं उत्तर वेगळं, तिच्या एकटीच्या नावाने जाऊ दे. ग्रुपवर एकाने हात जोडले की मागून तीस जण जोडतात, आणि तिला सगळ्यांचे मिळून आभार मानत बसावं लागतं.

माझा फसलेला मसुदा

रात्री अकराला, बातमी कळल्यावर दहा मिनिटांत लिहिलेला हा मसुदा:

"शुभे, आत्ताच कळलं गं. विश्वासच बसत नाहीये. अण्णा किती प्रेमळ होते. काळजी करू नकोस, सगळं नीट होईल. तू खंबीर राहा, काकूंना तुलाच सांभाळायचंय. नक्की स्टेज कोणती? सेकंड ओपिनियन घेतलं का? काही लागलं तर अर्ध्या रात्री फोन कर."

"होते" बघा. माणूस सांगलीत खाटेवर बसून पेपर वाचतोय आणि मी त्याला भूतकाळात टाकलं. ही चूक फार सहज होते, त्यामुळे पाठवण्याआधी फक्त क्रियापदं तपासायला मसुदा एकदा वाचून काढा.

"सगळं नीट होईल" हे वाक्य काय करतं, ते मला आईच्या वेळी कळलं होतं. ते ऐकलं की समोरच्याचं तोंड बंद होतं. कारण आता खरं बोलायचं तर आधी तुम्हाला खोडून काढावं लागतं: नाही गं, डॉक्टर म्हणाले आता काही करण्यासारखं नाही. एवढं बोलायची ताकद नसते, म्हणून ती "हो गं, बघू" लिहिते आणि विषय मिटतो. तुम्हाला वाटतं आपण धीर दिला. तिला कळतं की हिच्याशी याबद्दल बोलता येणार नाही.

"खंबीर राहा" म्हणजे रडू नकोस, निदान माझ्यासमोर तरी नको. स्टेज आणि सेकंड ओपिनियन म्हणजे चौकशी. ज्या कुटुंबाने चार महिने रिपोर्टांच्या फायली घेऊन सांगली-पुणे केलं, त्यांना आता परीक्षा द्यायला बसवणं. आणि "काही लागलं तर सांग" हे वाक्य सभ्य असलं तरी त्यात सगळं काम तिच्यावरच ढकललेलं आहे. काय लागेल हे तिने ठरवायचं, मग संकोच गिळायचा, मग मागायचं.

मसुदा खोडला आणि दुसऱ्या टोकाला गेले. "अण्णांचे आता थोडेच दिवस उरलेत हे ऐकून..." असा दुसरा मसुदा सुरू केला. तोही खोडला. शुभांगी मेधाला एवढंच म्हणाली होती: "किमो थांबवलाय. अण्णांना घरी नेतोय." "थोडे दिवस" हे शब्द तिने अजून उच्चारले नव्हते, आणि ते तिच्या आधी उच्चारायचा अधिकार मला नव्हता. त्या रात्री जो नियम सापडला तो मी आजवर पाळते: तिने जेवढं म्हटलंय तेवढंच म्हणायचं. तिच्या पुढे धावायचं नाही, आणि तिने म्हटलेलं ऐकू न आल्यासारखं मागेही राहायचं नाही. किमो थांबवला असं ती म्हणाली असेल तर तुम्हीही "किमो थांबवला" असंच लिहा, "ट्रीटमेंट चालू आहे ना" असं नको.

पाठवलेला मेसेज

दुसऱ्या दिवशी सकाळी हा गेला. यातला अर्णव म्हणजे शुभांगीचा मुलगा, आणि प्रशांत तिचा नवरा:

"शुभे, घाईचं काही नाही, निवांत एकटी असशील तेव्हा वाच.

अण्णांचा किमो थांबवला आणि तुम्ही त्यांना घरी नेताय, हे मेधाकडून कळलं. फार वाईट वाटलं. काय बोलावं ते सुचत नाहीये.

आपल्याला मिरजेच्या गाडीत बसवून द्यायला अण्णा स्टँडवर यायचे आणि कंडक्टरला सांगायचे, 'आपल्याच पोरी आहेत, खिडकी द्या.' आजही एसटीत खिडकी मिळाली की मला अण्णा आठवतात.

तू सांगलीला असशील त्या दिवसांत अर्णवला स्कूलबसवरून मी घेईन. साडेबाराला मी घरीच असते. जेवण, गृहपाठ माझ्याकडे, संध्याकाळी सात वाजता प्रशांतने न्यावं. सोमवारपासून धरून चालते. नको असेल तर फक्त 'नको' लिही.

उत्तर द्यायचं नाहीस. मी मध्ये मध्ये लिहीत राहीन."

यातली आठवण बघा. अण्णा एसटीत कंडक्टर होते, आणि ही गोष्ट दुसऱ्या कुणाच्या वडिलांबद्दल लिहिता आली नसती. "प्रेमळ, मनमिळाऊ" हे कुणाबद्दलही लिहिता येतं, ते श्रद्धांजलीसारखं वाजतं. तुमच्याकडे अशी खरी आठवण नसेल, तुम्ही त्यांना कधी भेटलाच नसाल, तर तो परिच्छेद सरळ गाळा. ओढूनताणून आणलेली आठवण लगेच कळते.

मदतीत वार, वेळ आणि सुटका तिन्ही हवं. "धरून चालते, नको असेल तर नको लिही" यात तिला मागावं लागत नाही, फक्त अडवावं लागतं, आणि तेही एका शब्दात. मात्र जे देऊ करता ते महिना-दोन महिने निभेल एवढंच द्या. अण्णांचं आजारपण पुढे सात आठवडे चाललं. पहिल्या आठवड्यात डबा नेऊन देणारे चौघे होते, पाचव्या आठवड्यात एकही नव्हता.

लांब राहणाऱ्यालाही करण्यासारखं बरंच असतं. हवेची गादी भाड्याने कुठे मिळते ते दोन-चार फोन करून शोधणं, इन्व्हर्टरवाल्याला पाठवणं (घरी ऑक्सिजनचं मशीन आलं की वीज जाण्याची धास्ती सगळ्यात मोठी), पहाटे स्टँडवर उतरणाऱ्या आत्याला घरी पोचवायची रिक्षा ठरवणं. डबा देणार असाल तर तो घरच्यांसाठी द्या, साधा, वरण-भात-भाजीचा. आजारी माणसासाठी "पौष्टिक" काही पाठवलं की ते खाल्लं जात नाही आणि घरात त्यावरून आणखी एक रडारड होते.

शुभांगीने उत्तर दिलं नाही. सोमवारी साडेबाराला अर्णव बसमधून उतरला आणि सरळ माझ्याकडे चालत आला, म्हणजे घरी सांगून ठेवलं होतं.

पुढचे आठवडे

मी मंगळवारी आणि शनिवारी लिहायचे. जास्तीत जास्त चार ओळी, त्यात प्रश्न नाही. "अण्णा कसे आहेत?" हा प्रश्न रोज दहा जण विचारतात आणि या आजारात त्याचं उत्तर दर वेळी आदल्यापेक्षा वाईट असतं. ते टाइप करताना तिला ते पुन्हा जगावं लागतं. मी लिहायचे, "अर्णवचा सात ते नऊचा पाढा झाला. आज त्याने तीन पोळ्या खाल्ल्या." किंवा नुसतं, "इथे पाऊस आहे. तुझी आठवण आली." विचारायचंच असेल तर लहान विचारा: काल रात्री झोप मिळाली का?

तिसऱ्या आठवड्यात रात्री दोनला तिचा मेसेज आला: "अण्णा दोन दिवस जेवत नाहीयेत. आई चमच्याने भरवायला बघते आणि रडते."

इथे हात शिवशिवतात. नारळपाणी द्या, सलाईन लावा, नाकात नळी घाला. थांबा. या टप्प्यावर भूक जाणं हा आजाराचाच भाग असतो. शरीराला अन्न झेपत नाही, आणि अर्धवट झोपेतल्या माणसाला भरवलं तर ठसका लागून अन्न फुप्फुसात जाऊ शकतं. सलाईननेही कधी कधी सूज आणि घशातली घरघर वाढते. पण हे मी तिला लिहिलं नाही. मी डॉक्टर नाही, आणि रात्री दोनला तिला व्याख्यान नको होतं. मी लिहिलं: "काकूंना किती भीती वाटत असेल. उद्या नर्स येईल तेव्हा हाच प्रश्न काकूंच्या समोर विचार. तिच्या तोंडून ऐकलं तर पटेल कदाचित." नर्सने काकूंना ओल्या कापसाने ओठ कसे पुसायचे ते दाखवलं. काकूंना करायला काहीतरी मिळालं आणि चमचा बाजूला गेला.

मॉर्फिनबद्दलही असंच. डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या की कुणीतरी हमखास लिहितं, "अगं सवय लागते त्याची", किंवा "मॉर्फिन म्हणजे संपलंच". डॉक्टरच्या देखरेखीखाली कॅन्सरच्या वेदनेसाठी दिलेल्या मॉर्फिनला ही दोन्ही वाक्यं लागू पडत नाहीत. पण ती वाचून घरातली मुलगी बापाला अर्धीच गोळी देते आणि तो रात्रभर कण्हतो. या गोळ्या कुठल्याही दुकानात मिळत नाहीत, मान्यताप्राप्त रुग्णालयातूनच आणाव्या लागतात. त्यामुळे मदत करायचीच तर मत देण्याऐवजी ती फेरी तुम्ही मारा.

वेदना आवरत नसतील आणि ती स्वतः विचारत असेल, की अशा वेळी कुठे जातात, तरच पॅलिएटिव्ह केअरची, म्हणजे वेदना आणि त्रास कमी ठेवणाऱ्या उपचारांची, माहिती द्या. वांद्र्याचं शांती अवेदना सदन १९८६ पासून आहे, पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र १९९७ पासून. एक नाव, एक नंबर, आणि तो नंबर लागतो याची खात्री आधी तुम्ही करा. सहा लिंका पाठवू नका.

आशेचं काय करायचं

खोटी आशा द्यायची नाही हे खरं, पण तिच्याकडे असलेली आशा ओरबाडूनही घ्यायची नाही. दोन प्रसंग सांगते.

चौथ्या आठवड्यात तिच्या चुलतभावाने एका वैद्याचा पत्ता आणला. शेवटच्या टप्प्यातले बरे होतात म्हणे, चाळीस हजार रुपये, आणि पेशंटला सात तास गाडीतून न्यायचं. शुभांगीने मला विचारलं, "जाऊ का गं?" मला ओरडावंसं वाटलं. लिहिलं मात्र हे: "न गेल्याची रुखरुख नको असं वाटत असेल तुला. अण्णांना सात तास गाडीत झेपेल का, एवढं डॉक्टरांना विचारून घे. काहीही ठरव, अर्णव माझ्याकडे आहे." भावाला खोटं पाडलं नाही, तिला वेडी ठरवलं नाही, आणि खरा अडथळा तिच्यासमोर ठेवला. ती गेली नाही. गेली असती तरी मी डबा बांधून दिला असता.

दुसरा प्रसंग अवघड होता. सप्टेंबर संपत आला होता. तिने लिहिलं: "दिवाळीपर्यंत राहतील ना गं अण्णा?"

हो म्हणणं खोटं, नाही म्हणणं क्रूर, आणि "सगळं देवाच्या हातात" म्हणणं म्हणजे पळ काढणं. मी पंधरा मिनिटं फोन हातात धरून बसले. मग लिहिलं: "मला खरंच माहीत नाही, शुभे. राहावेत असं फार वाटतं. दिवाळीला तुला त्यांच्यासोबत काय करायचंय? त्यातलं काही आत्ताच करता येईल का?"

रविवारी त्यांनी चकल्या केल्या. अण्णांना खाता येणार नव्हतं, पण खाट स्वयंपाकघराच्या दाराशी ओढली होती. तळणीचा वास आल्यावर ते म्हणाले, "भाजणी जास्त भाजलीस." काकू चिडल्या. शुभांगीने ते मला लिहून कळवलं, खाली हसण्याचे चार चेहरे. त्याच रात्री अण्णांनी तिला पेन्शनच्या पासबुकावर नॉमिनी कोण आहे ते तपासायला सांगितलं. त्यांना बहुधा सुरुवातीपासूनच सगळं ठाऊक होतं.

त्यांना स्वतःला लिहायचं असेल तर

शुभांगीला विचारून मी अण्णांसाठी व्हॉइस नोट पाठवली, चाळीस सेकंदांची. त्यात "लवकर बरे व्हा" नव्हतं, निरोपही नव्हता. खिडकीची गोष्ट सांगितली, अर्णव माझ्याकडे मजेत आहे हे सांगितलं, आणि "तुमची आठवण काढते, नमस्कार करते" एवढ्यावर थांबले. जे माणसाला कुणासमोरही ऐकवता येईल तेवढंच बोला. शेवटी ते डोळे उघडत नव्हते तेव्हा शुभांगीने ती पुन्हा कानाशी लावली. त्या अवस्थेतही ऐकू येत असू शकतं, असं डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं.

नंतर

पहाटे बातमी आली. आपल्याकडे काही तासांत सगळं आटपतं, तेव्हा त्या दिवशी लांबलचक काही वाचायला कुणाला सवड नसते. मी लिहिलं, "कळलं. सातच्या गाडीने निघते. अर्णवला सोबत आणते." जाणं शक्य नसेल तर "कळलं. मी इथे आहे" एवढं पुरे. दिव्याचा आणि पांढऱ्या फुलांचा तयार फोटो नको. "सुटले बिचारे" तर तिने स्वतः म्हटल्याशिवाय अजिबात नको.

तेराव्यापर्यंत घर भरलेलं असतं. खरी पोकळी पाहुणे गेल्यावर येते, म्हणून माझ्या फोनमध्ये मी दोन तारखा टाकून ठेवल्या होत्या, चौदाव्या दिवसाची आणि महिन्याची. चौदाव्या दिवशी लिहिलं: "आज घर रिकामं झालं असेल. मृत्यूच्या दाखल्याच्या जादा प्रती काढून घे, बँक आणि पेन्शन दोन्हीकडे लागतात. त्या फॉर्मांना मी शनिवारी बसू शकते." महिन्याच्या तारखेला मी काही लिहायच्या आतच तिचा फोन आला. दाखल्यावर अण्णांच्या नावातली वेलांटी चुकली होती, आणि त्यावरून ती पाऊण तास बोलली.